दोन शाखांच्या मधला प्रोजेक्ट

(तिसऱ्या वर्षाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आजचा विषय आहे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची निवड, आणि त्यात तीन गोष्टी आहेत: नावीन्य, खर्च आणि गाईड. तिन्हींवर सारखाच वेळ देईन असं संयोजकांना सांगितलं आहे. समोर मेकॅनिकलची मुलं जास्त दिसतात, ई अँड टीसीचीही बरीच आहेत. ज्यांच्या ग्रुपच्या विषयात 'स्मार्ट' किंवा 'आयओटी बेस्ड' हे शब्द आहेत त्यांनी हात वर करा. अर्धा हॉल! असू दे, हात खाली घ्या. त्यातलेही बरेच विषय वाचवता येतात.

तीन गोष्टी हवेत बोलण्यापेक्षा एकच विषय घेऊन शेवटपर्यंत जाऊ. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला इलेक्ट्रॉनिक्स आवडतं, किंवा ई अँड टीसीच्या विद्यार्थिनीला मशीन्स आवडतात, की जवळजवळ दरवर्षी एक विषय पुढे येतो: कंपनं मोजून मोटरच्या बेअरिंगमधला बिघाड ओळखायचा. सिनॉप्सिसमध्ये ठरलेली यादी असते. एमपीयू-६०५० सेन्सर, ईएसपी-३२ बोर्ड, मोबाईलवर आलेख आणि बिघाड झाला की मेसेज.

माझी खरी तक्रार इथे आहे, आणि ती जरा सविस्तर सांगणार आहे. नावीन्य आपण शीर्षकात शोधतो. मागच्या बॅचने मेसेज पाठवला, मग आपण ॲप करू. त्यांनी ॲप केलं, मग आपण क्लाउडवर टाकू. सेन्सर तोच, जागा तीच, आणि त्याला बेअरिंगचा बिघाड मुळात दिसतो का, हे कोणी विचारत नाही. दोन शाखांच्या मधल्या विषयात नेमकी हीच गल्लत होते. मेकॅनिकलवाला धरून चालतो की सेन्सर सगळं मोजतो, इलेक्ट्रॉनिक्सवाला धरून चालतो की मशीन सगळं सांगतं.

आता आकडे घेऊ. ६२०५ हे अगदी सर्रास मिळणारं बेअरिंग. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, आत नऊ गोळ्या. मोटर १४४० आरपीएमने फिरते म्हणजे सेकंदाला २४ फेरे. बाहेरच्या रिंगवर खड्डा असेल तर त्यावरून दर फेऱ्याला सरासरी ३.५८५ गोळ्या जातात, म्हणजे सेकंदाला सुमारे ८६ ठोके. एमपीयू-६०५० सेकंदाला १००० वाचनं देतो, म्हणून ८६ हर्ट्झ सहज दिसेल असं वाटतं. सिनॉप्सिसमध्येही तसंच लिहिलेलं असतं.

पण सुरुवातीच्या बिघाडात ८६ हर्ट्झला फारशी ऊर्जाच नसते. गोळी खड्ड्यावरून गेली की क्षणभराचा टणक ठोका बसतो आणि त्याने बेअरिंग आणि हाऊसिंग आपल्या नैसर्गिक वारंवारतेवर, साधारण काही हजार हर्ट्झवर, झणझणतं. सेकंदाला ८६ वेळा उठणारी ती झणझण पकडून तिचं एन्व्हलप, म्हणजे तिच्या चढउताराची बाहेरची रेघ, काढायचं असतं. एमपीयू-६०५० मधल्या ॲक्सिलरोमीटरची मर्यादा २६० हर्ट्झ. झणझण त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याऐवजी एडीएक्सएल-३४५ हा सेन्सर घेतला तर तो एसपीआयवर सेकंदाला ३२०० वाचनं देतो, म्हणजे १६०० हर्ट्झपर्यंत मजल. तेही बहुतेक वेळा अपुरंच. मग प्रयोगाच्या वेळी काय होतं? चांगलं आणि खराब बेअरिंग यांत फरक दिसेना की मुलं छिन्नी-हातोडी घेतात आणि रिंग फोडतात. आता फरक दिसतो, पण तो सेन्सरशिवाय कानालाही कळतो.

दुसरी फसगत याहून बारीक आहे. समजा, सिंगल फेज मोटर भाराविना १४९० आरपीएमने फिरतेय. म्हणजे २४.८ हर्ट्झ. फिरण्यातून येणारे उंचवटे या आकड्यावर आणि त्याच्या पटींवर दिसतात. त्याची चौपट ९९.३. आपल्या घरगुती पुरवठ्यावर चालणाऱ्या सिंगल फेज मोटरमध्ये टॉर्क सेकंदाला १०० वेळा धडधडतो, म्हणून १०० हर्ट्झला एक ठळक उंचवटा असतोच, मोटर ठणठणीत असली तरी. तुम्ही सेकंदाला १००० या वेगाने घेतलेल्या १०२४ वाचनांचा एफएफटी, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे याचा आलेख, काढलात तर दोन शेजारच्या रेषांत जवळजवळ १ हर्ट्झचं अंतर असतं. ९९.३ आणि १०० एकमेकांत मिसळतात, आणि पुरवठ्याचा उंचवटा 'मिसअलाइनमेंट' म्हणून रिपोर्टात जातो. ४०९६ वाचनं घ्या, अंतर पाव हर्ट्झवर येतं आणि दोघं वेगळे होतात. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे मोटरचा स्विच बंद करा आणि आलेख बघत राहा. पुरवठ्यातून आलेला उंचवटा त्याच क्षणी नाहीसा होतो. फिरण्यातून आलेले उंचवटे वेग उतरेल तसे हळूहळू डावीकडे सरकतात. व्हायवाला एवढं एक करून दाखवलंत तरी एक्स्टर्नल खुर्ची पुढे ओढतील.

मग विषय सोडायचा का? सोडायचा नाही, प्रश्न बदलायचा. दोनशे रुपयांच्या आसपासच्या सेन्सरला जे खरंच दिसतं ते विचारायचं. असंतुलन म्हणजे अनबॅलन्स फेऱ्याच्याच वारंवारतेवर, २४ हर्ट्झला, दिसतं. शाफ्टवर चकती बसवा आणि तिला केंद्रापासून ५० मिलिमीटरवर १० ग्रॅमचा नटबोल्ट लावा. १४४० आरपीएमला त्याचं केंद्रापसारक बल सुमारे ११.४ न्यूटन येतं. ५ ग्रॅमला निम्मं. आता प्रश्न असा मांडा: वजन आणि कोन बदलला तर स्वस्त सेन्सरवरून असंतुलन किती अचूक सांगता येतं, आणि कोणत्या वजनाखाली ते गोंगाटात हरवतं? याचं उत्तर एका आकड्यात येतं, ते तपासता येतं आणि कॉलेजच्या एफएफटी ॲनालायझरशी ताडून बघता येतं. माझ्या मते नावीन्य हे आहे. शीर्षक जुनंच वाटलं तरी चालेल.

ई अँड टीसीच्या ग्रुपला बेअरिंगच हवं असेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती फुकट आहे. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने बेअरिंगच्या कंपनांची मोजमापं सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. मोटरच्या ड्राइव्ह एंडला हेच ६२०५ बेअरिंग, सेकंदाला १२,००० आणि ४८,००० वाचनं, आणि भार शून्यापासून ३ एचपीपर्यंत. खड्डे छिन्नीने नव्हे, ईडीएमने म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी पाडलेले. सर्वांत लहान खड्डा सुमारे ०.१८ मिलिमीटर व्यासाचा. यावर ९९ टक्के अचूकतेचे दावे ढिगाने सापडतात. त्यातल्या अनेकांत एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे शिकवायलाही वापरलेले असतात आणि परीक्षेलाही. तुम्ही एका भारावरच्या मोजमापांवर मॉडेल शिकवा आणि दुसऱ्या भारावर तपासा. आकडा खाली येईल. तो का आला आणि किती आला, तोच तुमचा प्रोजेक्ट.

खर्चाकडे येतो. बोर्ड आणि सेन्सर हा खर्चाचा छोटा भाग. ईएसपी-३२ पाचशेच्या आगेमागे मिळतो. पुण्यात पासोड्या विठोबापाशी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. पण दोन्ही गोष्टी एकेक जास्तीच्या घ्या, कारण सबमिशनच्या आठवड्यात जळालेला सेन्सर कुरिअरने येत नसतो. खरा पैसा जातो स्टँडवर: मोटर, कपलिंग, शाफ्ट, दोन पेडेस्टल बेअरिंग आणि टर्नरची मजुरी. शाफ्ट वाकडा निघाला तर तो पुन्हा बनवून घ्यावा लागतो आणि मजुरी दुप्पट होते. म्हणून पहिली चौकशी डायनॅमिक्स ऑफ मशिनरीच्या लॅबमध्ये करा. बऱ्याच कॉलेजांत बॅलन्सिंगचा सेटअप असतो, आणि तो मिळाला तर स्टँडचा खर्च जवळजवळ मिटतो. मोठ्या वारंवारतेचा पिएझो ॲक्सिलरोमीटर आणि त्याची डेटा ॲक्विझिशन यंत्रणा हे प्रकरण हजारांत मोजायचं नाही, दहा-दहा हजारांत मोजायचं. ते उधार मिळणार असेल तरच विषयात लिहा, आणि मिळेल की नाही ते सिनॉप्सिस देण्याआधी विचारा.

फुकटात वाया जाणारा वेळही खर्चच असतो. सेन्सर स्पंजाच्या दुहेरी टेपने चिकटवला की टेपच कंपनं पिते. सपाट जागा घासून स्क्रूने किंवा इपॉक्सीने बसवा. जंपर वायर कंपनांनी सैल होतात, तेव्हा सोल्डर करा. आणि वाचन घेणाऱ्याच लूपमध्ये `delay()` आणि वायफायवरून पाठवणं ठेवू नका. वाचनांमधलं अंतर पुढेमागे होतं आणि २४ हर्ट्झचा टोकदार उंचवटा पसरट होतो. तो पसरट दिसला की आधी प्रत्येक वाचनाची वेळ छापून बघा, मोटरला दोष नंतर द्या.

दहा मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आली आहे आणि गाईडचा भाग पूर्ण बाकी आहे, म्हणून भरभर सांगतो.

सही करणारा गाईड तुमच्याच शाखेचा असणार, म्हणून मुख्य प्रश्नही तुमच्याच शाखेचा हवा. मेकॅनिकलच्या ग्रुपने असंतुलनाबद्दल विचारावं आणि सेन्सर हे साधन ठेवावं. ई अँड टीसीच्या ग्रुपने सिग्नलबद्दल विचारावं आणि मोटर हे साधन ठेवावं. हे उलटं झालं की रिव्ह्यूला पॅनेल विचारतं, 'यात तुमच्या शाखेचं काय?' आणि तेव्हा गाईडलाही तुमची बाजू घेणं कठीण जातं.

दुसऱ्या शाखेचे सर किंवा मॅडम को-गाईड म्हणून हवे असतील तर 'मार्गदर्शन कराल का?' एवढंच विचारू नका. एका पानावर लिहून न्या: आम्हाला एफएफटी ॲनालायझर आठवड्यातून एक दुपार हवा आहे, आणि आमच्या सॅम्पलिंगवर तुमची दोनदा नजर हवी आहे. एवढ्या नेमक्या मागणीला होकार मिळणं सोपं असतं. त्यांच्याकडे यंदा किती ग्रुप आहेत आणि सातव्या-आठव्या सेमिस्टरला ते पीएचडीच्या रजेवर तर जाणार नाहीत ना, हे ऑफिसमधून आधीच कळून घ्या. को-गाईड मिळालेच नाहीत तर विषयाचा तो भाग लहान करा. एन्व्हलप ॲनालिसिस समजावणारं कोणी नसेल तर ते घेऊ नका, असंतुलनावर थांबा. दोन्ही शाखांची मुलं एका ग्रुपमध्ये घ्यायची असतील तर दोन्ही विभागप्रमुखांची लेखी परवानगी लागेल, आणि गुण कोण देणार हे त्याच कागदावर येऊ द्या.

शेवटचं, या आठवड्यात करायचं. फोनमध्ये फायफॉक्स हे ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं आहे आणि फुकट आहे. त्यात ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम उघडा, लॅबमधल्या मोटरच्या पायावर, फिरणाऱ्या भागांपासून दूर, फोन घट्ट बांधा, टॅकोमीटरने आरपीएम मोजा आणि साठने भागा. त्या आकड्यावर उंचवटा दिसला तर विषय पुढे न्या. दिसला नाही तर आधी फोन किती वाचनं घेतोय ते बघा, मग बांधणी बघा. प्रश्न असतील त्यांनी पुढे या, हॉल आपल्याकडे अजून पाच मिनिटं आहे.