कोयता निघायच्या आधी

(दृश्य : बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्राचा व्हरांडा. तीन खुर्च्या, एक स्टूल. मागे भिंतीला टेकून बसलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी.)

निवेदन :

तारीख ८ ऑगस्ट. श्रावण चालू आहे. दसरा झाला की या गावातले निम्म्याहून जास्त दरवाजे बंद होतील. कोयते उसाला निघतील. इथं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. मुकादमाची उचल जोडीच्या नावावर मिळते, काम जोडीनं करायचं आणि खाडा पडला तर पैसे जोडीचेच कापले जातात.

मी सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवते. आज माझ्या विद्यार्थिनींना अशाच एका जोडीला गर्भनिरोधनाचा सल्ला द्यायचा आहे. जोडी नाटकातली आहे, पण तिच्या अडचणी याच गावातल्या आहेत.

नवरा होणाऱ्या मुलीला एक चिठ्ठी मिळाली आहे आणि बायको होणारीला दुसरी. दोन्हींवर वरच्या ओळी सारख्याच आहेत : पहिली मुलगी सात महिन्यांची, अंगावर पिते, हंगामात दोघं जाणार, पुढचं लेकरू तीन वर्षांनी हवं. बायकोच्या चिठ्ठीत खाली आणखी एक ओळ आहे. ती नवऱ्यालाही माहीत नाही आणि सिस्टर होणाऱ्या तिसरीलाही नाही. कोपऱ्यात स्टुलावर बसलेली निरीक्षक विद्यार्थिनी हातात तपासणी यादी आणि घड्याळ घेऊन आहे.

(दृश्य : पहिली फेरी. सिस्टर ट्रे पुढे ओढते.)

"नमस्कार. या बसा. हे बघा, ही माला-एन, रोज घ्यायची. ही छाया. हे अंतरा इंजेक्शन, तीन महिन्यांनी. ही तांबी, दहा वर्षं चालते. हे निरोध…"

जोडी नुसती माना हलवते. नवरा म्हणतो, "सिस्टर, तुमी म्हनाल तसं."

मी इथं थांबवते. वरून हे वाक्य होकारासारखं वाटतं. खरं तर त्या दोघांना काहीच कळलेलं नाही, त्याचीच ही खूण आहे. निरीक्षकेच्या कागदावर दिसतं की सिस्टर सहा मिनिटं बोलली आणि बायको एकदाही बोलली नाही. सांगितलेल्या माहितीत चूक एकही नव्हती. चुकला तो क्रम. आधी स्वागत, मग विचारपूस, मग माहिती, मग निवडीला मदत, मग वापर समजावणं आणि शेवटी परत कधी यायचं, हा क्रम पाठ असूनही विचारपूस राहून गेली.

(दृश्य : दुसरी फेरी. सिस्टर ट्रे झाकून बाजूला ठेवते.)

"दादा, ताई, बाळ कसं आहे? यंदा कुणीकडं जाणार?"

"कोल्हापूरकडं. दसरा झाला की."

"परत कधी येता?"

"पट्टा पडल्यावर. मार्च तर जातोच."

या दोन प्रश्नांत तिला साडेपाच-सहा महिन्यांचा हंगाम आणि उपकेंद्रापासूनचं अंतर कळलं. आता ती पाळीबद्दल विचारते. उत्तर नवराच देतो : "अंगावर पाजती ना ती. दिवस नाहीत जात."

असं इथं घरोघरी मानतात. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते खोडणं अवघड जातं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, दिवसरात्र फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी परत आलेली नसेल, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असतील तर स्तनपानाचं संरक्षण चांगलं मिळतं. त्यातली एक जरी गेली तरी ते संपतं. इथं बाळ सात महिन्यांचं आहे आणि वरणभात खायला लागलं आहे. सिस्टर नवऱ्याला चूक ठरवत नाही. ती म्हणते, "पहिले सहा महिने तसं असतं, दादा. आता ती मुदत सरली." मग बायकोकडे वळून विचारते, "ताई, पाळी आली का?"

"एकदाच आली. तीन आठवडे झाले."

(दृश्य : सिस्टर उठते.)

"ताई, वजन करायचंय, आत या. दादा, तुम्ही बाळाला घ्या जरा."

या यादीतली मला सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच वाटते. जोडीला एकत्र सल्ला द्यायचाच, पण बाईला दोन मिनिटं एकटीला भेटल्याशिवाय नाही. वजनकाटा आतल्या खोलीत असतो, त्यामुळे नवऱ्याला काही खटकत नाही. चिठ्ठीतली ती ओळ इथं बाहेर येते.

"सिस्टर, लगीन झाल्यावर पहिल्या हंगामाला गेले तवा पाळीत लई जायाचं. फडात कापड बदलाया आडोसा नाही. त्यांना कसं सांगू? तांबीनं आनखी जातं म्हनतात."

तांबीनं पहिल्या काही महिन्यांत पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो, हे खरं आहे. एरवी तीन वर्षांच्या अंतरासाठी तांबी उत्तम, एकदा बसवली की विसरता येते. पण कोपीत राहणारी, पहाटे तीनला उठून फडात जाणारी, आधीच जास्त जाणारी आणि डोळ्यांच्या आतून फिकट दिसणारी ही बाई आहे. सिस्टर तिचं हिमोग्लोबिन तपासायचं लिहून ठेवते. तांबी नाहीच, असं मात्र ती म्हणत नाही. तोटा उघड सांगते आणि निर्णय ताईवर सोडते.

(दृश्य : तिघं पुन्हा व्हरांड्यात. ट्रेवरचा रुमाल आता काढलेला.)

आता ट्रेतल्या सातही गोष्टी दाखवायची गरज उरत नाही. अंतराचा विचार होतो. एक इंजेक्शन घेतलं की तीन महिने निर्धास्त, आणि दुधावर परिणाम नाही. पण आत्ता घेतलं तर पुढची तारीख नोव्हेंबरात, म्हणजे ऐन हंगामात येते. कार्ड दाखवून तिकडच्या सरकारी दवाखान्यात ते घेता येतं, तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत चालतं, पण त्यासाठी एक खाडा पडणार. शिवाय सुरुवातीला मधूनच डाग दिसतात, आणि ताईला आडोशाची अडचण आहेच. माला-एन रोज लक्षात ठेवावी लागते. तीनला उठणाऱ्या बाईची एखादी गोळी चुकतेच.

राहते छाया. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी १९९१ पासून बाजारात आहे. हार्मोन नसलेली, अंगावर पाजणाऱ्या बाईला चालणारी. हिच्यामुळे पाळी कमी जाते आणि कधी लांबते. ताईसाठी कमी जाणं फायद्याचंच आहे. पण पाळी लांबणं आधीच सांगितलं नाही, तर तीच बाई घाबरून गोळी सोडते. "मळ आत साठतोय, पिशवीला धोका हाय" असं शेजारीण सांगते आणि गोष्ट भलतीकडे जाते. या जिल्ह्यात पिशवीबद्दल बेफिकिरीनं बोलायचं नसतं. २०१९ मध्ये इथल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली होती. म्हणून सिस्टर सावकाश सांगते : "पाळी कमी आली म्हणजे रक्त आत साठत नाही, ताई. ते तयारच कमी होतं. गोळी बंद केली की पाळी पुन्हा पहिल्यासारखी होते."

ती कावीळ, क्षय, मूत्रपिंडाचा आजार आणि अंडाशयातल्या गाठी यांबद्दल विचारते. ताईला काही नाही. जोडी छाया निवडते.

आणि इथं माझी हुशार विद्यार्थिनी घसरते. ती लगेच पट्टी हातात देते : "आजच सुरू करा."

(दृश्य : शिक्षिका हात वर करतात. सगळे थांबतात.)

पाळी होऊन तीन आठवडे झालेत आणि मधल्या काळात काहीच वापरलेलं नाही. आज निश्चय किटवर एकच रेघ आली तरी त्यावर विसंबता येत नाही, कारण इतक्या लवकरचा गर्भ किटवर दिसत नाही. म्हणून आज द्यायचे ते निरोध, पुढची पाळी येईपर्यंत. पाळी आली की पहिल्या दिवशी पहिली गोळी. आठवडाभर वाट पाहूनही आली नाही तर तपासायला यायचं.

समजा पाळी १५ ऑगस्टला आली आणि तो वार शुक्रवार असला. मग पहिली गोळी शुक्रवारी, दुसरी सोमवारी. तीन महिने दर आठवड्याला हेच दोन वार. चौथ्या महिन्यापासून फक्त शुक्रवार. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत २६ गोळ्या लागतात आणि तिथून मार्चअखेरपर्यंत आठवड्याला एक धरून २०. झाल्या ४६. एका पट्टीत ८ गोळ्या असतात, म्हणजे सहा पट्ट्या. आत्ता दोन द्यायच्या, त्या आठ आठवडे पुरतील. त्या संपायच्या आत आणि गाडी निघायच्या आधी ताईनं परत यायचं, काही त्रास होतोय का सांगायचं आणि उरलेल्या चार घेऊन जायच्या. त्या चार पट्ट्या तेव्हा कपाटात असायला हव्यात, म्हणून मागणी आजच नोंदवायची. या नोंदीला निरीक्षकेच्या यादीत रकाना नव्हता. मी तो आता घातला आहे.

(दृश्य : सिस्टर दोन पट्ट्या हातात धरते, पण देत नाही.)

"ताई, आता तुम्ही मला सांगा, कशी घ्यायची?"

नवरा तोंड उघडतो. सिस्टर हसून त्याला हातानंच थांबवते.

ताई बोटं मोजते. "पाळीच्या पैल्या दिशी. मग… तीन दिसांनी. पुढं चवथ्या म्हैन्यापसून आठवड्याला एक. तिकडं रविवारी बाजार असतोय, तवा बाजाराच्या दिशी घेईन."

"चालेल," सिस्टर म्हणते. निरीक्षक फुली मारते. बाजाराची खूण चांगली आहे, पण वार आपण ठरवत नाही. पहिली गोळी ज्या वारी पडली तोच वार शेवटपर्यंत. सिस्टर चूक सुधारते आणि तो वार कॅलेंडरवर गोल करायला नवऱ्याला सांगते. आता त्याच्याकडेही काम आहे. गोळी राहिलीच तर आठवताक्षणी घ्यायची, ठरलेले वार पुढे चालू ठेवायचे आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांहून जास्त उशीर झाला तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा.

"दादा, निरोध संपले तर?"

"आशाताईकडून घेऊन जातो जायच्या आधीच."

(दृश्य : टाळ्या. खुर्च्या रिकाम्या होतात, दुसरा गट पुढे येतो.)

नवऱ्याची चिठ्ठी तीच. बायकोच्या चिठ्ठीतली शेवटची ओळ मी खोडते आणि खाली नवी लिहिते : "दोन महिन्यांपूर्वी कावीळ झाली होती. कुणी विचारलं तरच सांगायचं."

सिस्टर झालेली मुलगी ट्रेवर रुमाल टाकते आणि विचारते, "नमस्कार ताई, नमस्कार दादा. बाळाचं नाव काय ठेवलं?"