स्लॅब वन-वे की टू-वे : फूटपट्टी लावण्याआधी पाहायच्या गोष्टी

(लहान बांधकाम ठेकेदार, साइट सुपरवायझर आणि स्वतःचे घर बांधणारे मालक यांच्यासमोर एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

भार एकाच दिशेने टेकूंकडे नेतो तो वन-वे स्लॅब, दोन्ही दिशांनी नेतो तो टू-वे. हा विषय निघाला की बहुतेकांच्या तोंडी एकच नियम असतो. लांब बाजूला आखूड बाजूने भागावे, उत्तर दोनपेक्षा जास्त आले तर स्लॅब वन-वे, दोन किंवा त्याहून कमी आले तर टू-वे. नियम खोटा नाही, परंतु तो ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीत सांगायचे राहून जाते, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका भागाकारात नव्हे, तर त्या गृहीतात झालेल्या आहेत. म्हणून नियम कोठून आला, इथून सुरुवात करू.

चारही बाजूंनी बीमवर किंवा भिंतीवर टेकलेले एक पॅनेल डोळ्यांसमोर आणा. त्याच्या मध्यातून एक मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कल्पनेने कापा, एक आखूड दिशेने जाणारी आणि दुसरी लांब दिशेने जाणारी. या पट्ट्या एकमेकींना मध्यभागी छेदतात आणि तिथे काँक्रीट एकच असल्यामुळे दोघींना सारखेच खाली वाकावे लागते. साध्या टेकूवरच्या पट्टीचा झोल तिच्यावरच्या भाराच्या प्रमाणात असतो आणि लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच भाराखाली झोल सोळापट होतो. आता दोन्ही पट्ट्यांचा झोल सारखा ठेवायचा असेल, तर लांब पट्टीने फारच थोडा भार उचलायला हवा आणि ताठ असलेल्या आखूड पट्टीने उरलेला सगळा. बाजूंचे गुणोत्तर दोन असताना ही वाटणी सोळास एक अशी होते, म्हणजे आखूड दिशेला सुमारे ९४ टक्के आणि लांब दिशेला सुमारे ६ टक्के. चौरस पॅनेलमध्ये निम्मे-निम्मे, आणि ३ मीटर गुणिले साडेचार मीटरच्या नेहमीच्या खोलीत आखूड दिशेला ८४ टक्के. दोनच्या पुढे लांब दिशेचा वाटा इतका क्षुल्लक होतो की तो हिशेबात धरण्यात अर्थ उरत नाही. दोन या आकड्याचा जन्म एवढ्यातच आहे.

या वाटणीत कोपऱ्यांची पिळवट धरलेली नाही, हे मान्य. तरीही कोपरे वर उचलले जायला मोकळे असलेल्या साध्या टेकूच्या स्लॅबसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातील कोष्टक २७ मधले बेंडिंग मोमेंटचे, म्हणजे वाकवणाऱ्या जोराचे, गुणांक याच वाटणीतून मिळतात. गुणोत्तर दोन असताना आखूड दिशेचा गुणांक ०.११८ आहे, तर शुद्ध वन-वे पट्टीचा ०.१२५. दोहोंमधला फरक सहा टक्क्यांच्या आत आहे.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल की दोन ही कड्याची धार नव्हे. १.९५ आणि २.०५ या दोन पॅनेलांच्या वागणुकीत जवळजवळ काहीच फरक नसतो. तरीही मोजायचेच असेल तर नीट मोजावे. गुणोत्तर प्रभावी गाळ्यांचे काढायचे असते, भिंतींच्या आतल्या अंगांमधल्या मापांचे नाही. साध्या टेकूच्या स्लॅबमध्ये आतले माप अधिक स्लॅबची प्रभावी खोली, किंवा टेकूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर, यांतले जे कमी ते प्रभावी गाळा. प्रभावी खोली म्हणजे स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागापासून खालच्या मुख्य सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर. आतून २.८ मीटर गुणिले ५.७ मीटर असलेल्या खोलीचे गुणोत्तर २.०४ येते आणि ती वन-वे ठरते. प्रभावी खोली १०० मिलिमीटर धरून गाळे २.९ आणि ५.८ झाले की तीच खोली बरोबर दोनवर येते आणि नियमाने टू-वे ठरते. अशा पॅनेलसाठी मी वाद घालत बसत नाही. आखूड दिशेला वन-वेचे पूर्ण लोखंड देतो आणि लांब दिशेला किमान लोखंड देतो. एचवायएसडी सळईसाठी हे किमान लोखंड स्लॅबच्या एकूण छेदाच्या ०.१२ टक्के आहे, म्हणजे १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबला दर मीटर रुंदीत १५० चौरस मिलिमीटर.

आता त्या गृहीताकडे येतो. वर जे काही सांगितले त्यात पॅनेल चारही बाजूंनी टेकलेले आहे असे धरले होते. दोनच समोरासमोरच्या बाजू टेकलेल्या असतील तर पॅनेल कितीही चौरस दिसो, ते वन-वेच आहे, कारण दुसऱ्या दिशेच्या पट्टीला भार नेऊन ठेवायला जागाच नाही. अशा वेळी मुख्य दिशा आखूड बाजूची नसून टेकूपासून टेकूपर्यंतची असते, मग ती लांब का असेना.

हे किती महाग पडू शकते याचे एक उदाहरण माझ्याच कामातले आहे. एका बंगल्याच्या पहिल्या स्लॅबची तपासणी करायला मी काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी गेलो होतो. दिवाणखाना आणि जेवणाची जागा यांच्या मधले पॅनेल प्रभावी मापाने ३ मीटर गुणिले ३.६ मीटर होते. गुणोत्तर १.२, म्हणून मी ते टू-वे धरले होते आणि चारही बाजूंना बीम दाखवले होते. वर जाळी उत्तम बांधलेली होती, कव्हर ब्लॉक जागेवर होते, सळयांचे अंतर नकाशाप्रमाणे होते. सवयीने मी वाकून सेंट्रिंगच्या खाली गेलो. ३ मीटरच्या दोन बाजूंना बीमची पेटी खाली उतरलेली दिसली, पण ३.६ मीटरच्या दोन्ही बाजूंना मात्र प्लाय एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सपाट होता. मालकांना छतात मधूनच जाणारे बीम नको होते, म्हणून फिटरने ते बीम स्लॅबच्याच जाडीत बसवले होते. त्यात चार सळया होत्या, रिंगाही होत्या, आणि त्याला तो कौतुकाने लपवलेला बीम म्हणत होता.

१२५ मिलिमीटर खोलीचा बीम आणि १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब एकत्रच वाकतात. टेकू म्हणवून घ्यायचे तर त्याने स्लॅबपेक्षा खूपच कमी वाकायला हवे. ताठपणा खोलीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे नकाशातला ३८० मिलिमीटर खोलीचा बीम त्याच रुंदीच्या या लपवलेल्या बीमपेक्षा सुमारे २८ पट ताठ होता. थोडक्यात, जागेवरचे पॅनेल दोनच बाजूंनी टेकलेले होते आणि ते ३.६ मीटरच्या दिशेने गाळा ओलांडत होते.

शेजारच्या पॅनेलांशी असलेला जोड बाजूला ठेवून ढोबळ हिशेब करू. स्लॅबचे स्वतःचे वजन ३.१, फरशी वगैरे १ आणि वावराचा भार २, मिळून दर चौरस मीटरला सुमारे ६.१ किलोन्यूटन होतात. त्याला १.५ ने गुणले की ९.२. टू-वे धरले तर लांब दिशेचा गुणांक ०.०५९ आहे आणि तो आखूड गाळ्याच्या वर्गाला लावायचा असतो. ०.०५९ गुणिले ९ गुणिले ९.२ केले की दर मीटर रुंदीला सुमारे ५ किलोन्यूटन-मीटर बेंडिंग मोमेंट मिळतो. प्रत्यक्षात मात्र त्या दिशेला ०.१२५ गुणिले ३.६ चा वर्ग गुणिले ९.२, म्हणजे जवळपास १५ येणार होता. गरजेच्या एक तृतीयांश हिशेबाने दिलेले लोखंड तिथे बांधलेले होते, आणि तेही वरच्या थरात. काम थांबवले, दोन्ही बीमच्या पेट्या पुन्हा उतरवल्या, मालकांची नाराजी पत्करली.

वरच्या थराचा उल्लेख झाला, तो थोडा उलगडून सांगतो. जाळीत एक दिशा खाली आणि दुसरी तिच्यावर बसणारच. खालच्या सळईला एका सळईच्या जाडीएवढी जास्त खोली मिळते. १०० मिलिमीटरच्या खोलीत ८ मिलिमीटरचा फरक म्हणजे ताकदीत तेवढेच टक्के. म्हणून ज्या दिशेला मोमेंट मोठा, ती सळई खाली. चारही बाजूंनी टेकलेल्या पॅनेलमध्ये ती आखूड दिशेची असते. फिटरला लांब सळया आधी पसरून त्यांवर तुकडे टाकणे सोपे जाते, त्यामुळे हा क्रम उलटा झालेला वारंवार आढळतो. वरून पाहून तो पटकन कळत नाही, कडेला बसून सळयांच्या टोकांकडे पाहिले की लगेच कळतो.

टू-वे पॅनेलमध्ये कोपरे विसरले जातात. साध्या टेकूच्या स्लॅबवर भार आला की त्याचे कोपरे वर उचलले जाऊ पाहतात. वर भिंत किंवा पॅरापेट असेल तर ते उचलले जात नाहीत, आणि मग तिथे पिळवट येऊन तिरक्या भेगा पडतात. यासाठी ज्या कोपऱ्यात दोन्ही कडा खंडित आहेत, म्हणजे स्लॅब पुढे चालू नाही, तिथे वर आणि खाली अशी दोन्हीकडे जाळी द्यावी लागते. तिची लांबी दोन्ही बाजूंना आखूड गाळ्याच्या एक पंचमांश, म्हणजे ३ मीटरच्या गाळ्याला ६० सेंटिमीटर. चार थरांपैकी प्रत्येक थरात मध्यभागाच्या कमाल लोखंडाच्या तीन चतुर्थांश लोखंड असते.

आता वन-वे ठरलेल्या पॅनेलबद्दलचा एक मुद्दा, जो मला सर्वांत जास्त वेळा समजावून सांगावा लागतो. वन-वे म्हटले की आखूड बाजूच्या बीमवर भारच येत नाही असा समज होतो आणि तो बीम नुसत्या भिंतीच्या वजनासाठी डिझाइन केला जातो. मघाची ९४ आणि ६ ची वाटणी फक्त मध्यबिंदूपुरती होती. आखूड कडेजवळ उभे राहिलात तर सर्वांत जवळचा टेकू तोच आखूड बीम असतो आणि भार तिकडेच जातो. बीमवरचा भार काढताना आपण कोपऱ्यांतून ४५ अंशांच्या रेषा काढतो. त्यांनी आखूड कडेला त्रिकोण आणि लांब कडेला समलंब चौकोन तयार होतो. गुणोत्तर दोन असताना दोन्ही त्रिकोणांचे क्षेत्र मिळून पॅनेलच्या एक चतुर्थांश भरते, आणि गुणोत्तर तीन असले तरी एक षष्ठांश उरतेच.

याच कारणाने शेजारी स्लॅब पुढे चालू असेल तर वन-वे पॅनेलच्या आखूड बीमवरसुद्धा वरच्या बाजूला लोखंड द्यावे लागते. ते दिले नाही तर फरशी घातल्यावर काही महिन्यांनी त्या बीमच्या बरोबर डोक्यावर, बीमला समांतर अशी एक सरळ केसाएवढी भेग फरशीत उमटते. मालक फरशीवाल्याला बोल लावतात. एक फरशी उखडून पाहिली, तर तीच भेग खालच्या काँक्रीटमध्येही सलग गेलेली सापडते.