रांगेत लावण्याआधीची झडती

मंडळी, महिन्याच्या सोशल मीडिया पोस्टचं शीट तयार झालं की, पोस्ट आपोआप जाण्याच्या रांगेत लावण्याआधी बहुतेक ठिकाणी एकच पाहणी होते: सगळे रकाने भरलेत ना? पण रकाना भरलेला असणं वेगळं आणि त्यातला मजकूर पुढे चालणं वेगळं. शीटमधली दिवाळी अंकाच्या घोषणेची एकच ओळ घेऊ. पोस्ट जाणार एक्सवर.

चित्राच्या रकान्यात गूगल ड्राइव्हची लिंक आहे. तपासणीचा प्रोग्रॅम ती उघडतो, सर्व्हर 200 म्हणजे ‘सगळं ठीक’ म्हणतो, आणि आपण खूश. प्रत्यक्षात आलेलं असतं ड्राइव्हचं पान, कधी तर लॉगिनचं. चित्र नव्हेच. म्हणून नुसत्या 200 वर विसंबू नका; उत्तरातला `Content-Type` बघा. तिथे `text/html` दिसलं की ओळ अडवायची. `image/jpeg` आलं, तरी फाइल उतरवून खरोखर उघडते का ते बघावं, कारण अर्धवट अपलोड झालेलं चित्रही हेच नाव सांगतं.

आता मजकूर. एक्सची साधी मर्यादा 280. इथे डोळ्यांनी मोजणारा हमखास फसतो. ‘क्षणचित्रे’ वाचताना चारच अक्षरं, पण एक्सच्या हिशेबात दहा, कारण हलन्त, वेलांटी, मात्रा सगळं वेगळं धरलं जातं. उलट लिंक कितीही लांब असो, ती 23 चीच धरतात. आपल्या ओळीत मजकूर 190 आणि लिंक 120. शीटमधलं `LEN` म्हणतं 310, म्हणजे नापास. खरा आकडा 213. चांगली ओळ विनाकारण अडली. असं चार वेळा झालं की माणसं तपासणीचे इशारे वाचणंच सोडतात, आणि मला विचाराल तर चुकीचा इशारा हा सुटलेल्या चुकीपेक्षा फारसा कमी घातक नाही. इमोजी मात्र दोनचा धरतात, तेवढं सांभाळा.

लिंकचं थोडं चमत्कारिक असतं. 404 आलं, म्हणजे पान सापडलंच नाही, तर प्रश्नच नाही, अडवा. पण 403 आलं, तर अनेकदा पान ठीक असतं आणि सर्व्हरने फक्त आपल्या प्रोग्रॅमला हाकललेलं असतं. अशा ओळीला पिवळा शेरा द्यावा आणि माणसाने ती ब्राउझरमध्ये उघडून बघावी. त्याउलट काही साइट नसलेल्या पानासाठीही 200 देतात किंवा गुपचूप मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. त्यावर उपाय असा की शेवटी उघडलेला पत्ता मूळ पत्त्याशी ताडायचा आणि पानावर अंकाचं नाव सापडतं का ते शोधायचं.

राहता राहिली वेळ. अंकाचं पान पोस्टच्या सकाळीच खुलं होणार असेल, तर आज ते 404 देणारच. म्हणून शीटमध्ये ‘पान कधी खुलं होणार’ असा रकाना ठेवा. ती ओळ रांगेबाहेर थांबते, पान खुलं होण्याच्या वेळेनंतर तिची लिंक पुन्हा तपासली जाते, आणि पास झाली तरच ती रांगेत शिरते. नाहीतर त्या ओळीपुढे ज्याचं नाव लिहिलंय त्याला निरोप जातो. बाकीच्या ओळी मात्र तिच्यासाठी खोळंबत नाहीत.