पाटी वाचायची तर फोटो कापू नका

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय तो 'अनोळखी लिपीतली पाटी वाचताना आपण चुकलो हे कसं ओळखायचं' असा. तिथे येतोच, पण आधी एक तक्रार. लोक फोटो कापून पाठवतात. दुकानाची पाटी तेवढी ठेवतात आणि वर विचारतात, "हे काय लिहिलंय?" अहो, वाचायला लागणारं निम्मं साहित्य तुम्ही कापून टाकलेल्या भागात होतं!

माझी एक मैत्रीण जॉर्जियात फिरून आली. तिने अशीच एक कापलेली पाटी पाठवली. गोलगोल वळणांची सात अक्षरं. माझ्याही मनात आधी आलं की अक्षरांचा तक्ता काढावा आणि एकेक आकार जुळवावा. तसं करू नका. तक्त्यातलं अक्षर छापील असतं, पाटीवरचं रंगाऱ्याने आपल्या हाताच्या वळणाने काढलेलं असतं. तेहतीस अक्षरांत चार-पाच तरी सारखीच वाटतात आणि माणूस तिथेच अडकतो. मी तिला म्हटलं, "पाटी राहू दे. रस्त्यावरचे गावांचे फलक टिपलेस का? सगळे पाठव, न कापता."

फलकांवर जॉर्जियन नाव असतं आणि त्याच्या जोडीला रोमन लिपीत तेच नाव. आता पडद्यावर बघा. पहिला फलक त्बिलिसी. रोमनमध्ये सात अक्षरं, जॉर्जियनमध्येही सातच. रोमनमध्ये 'इ' तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या जागी येतो. जॉर्जियनमध्ये त्याच तीन जागांवर एकच आकार आहे, खालून उघडी असलेली एक कमान. म्हणजे कमान हा 'इ'. उरलेली चार अक्षरंही ओळीने हाती आली: त, ब, ल, स.

दुसरा फलक बातुमी. पहिलं अक्षर त्बिलिसीतलं दुसरं, तिसरं अक्षर त्बिलिसीतलं पहिलं, आणि शेवटी कमान. तीनही जागा बरोबर बसल्या, म्हणजे आधीचं वाचन पक्कं झालं. वर आ, उ, म ही तीन नवी अक्षरं मिळाली. तिसरा कुताइसी. त्यात पहिलं अक्षर सोडून सगळी ओळखीची, म्हणून ते पहिलं 'क'.

(१८३७ साली जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या लेखांची शेवटची दोन अक्षरं सारखी आहेत हे हेरलं आणि तिथे 'दानं' असणार असं ताडलं. ब्राह्मीची गाठ तिथून सुटली. त्याच्याकडेही तक्ता नव्हता. यावर तासभर बोलेन, म्हणून थांबतो.)

आता मैत्रिणीची पाटी. आ, एक अनोळखी, त, इ, आ, क, इ. सातांतली सहा अक्षरं आपल्या खिशात आहेत. शेवटचा 'इ' बाजूला ठेवा. जॉर्जियन नामाच्या मूळ रूपाला, शेवटी व्यंजन असेल तर, तो लागतोच. उरलं 'आ-?-तिआक'. रिकाम्या जागी 'प' घालून मोठ्याने म्हणा: आप्तिआक. औषधविक्याला इंग्रजीत अपॉथेकरी म्हणत, ते आणि हे एकाच ग्रीक शब्दाच्या पोटचे. औषधांचं दुकान! तिने न कापलेला फोटो पाठवला तेव्हा दिसलं, पाटीच्या कडेला हिरवा क्रॉस होता. तोच तिने कापला होता.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. तर मुख्य विषय, घाईतच.

चूक ओळखायची खूण एकच: एका आकाराचा एकच उच्चार सगळ्या फलकांवर चालला पाहिजे. एका ठिकाणी जरी अडला, तरी मागे जाऊन तपासायचं. उलटं मात्र धरून चालू नका. रोमन 'के' एक असला तरी जॉर्जियन अक्षरं दोन आहेत. कुताइसीतला 'क' श्वास सोडून म्हणतात, आपल्या कानाला जवळपास 'ख'. दुसरा 'क' घसा आवळून म्हणतात. 'त'चंही तसंच. 'मार्केटी' अशी पाटी आली तर तिच्यातले क आणि त कुताइसीतल्याशी जुळणार नाहीत. तिथे तुमचं वाचन चुकलेलं नाही. फलकावरच्या रोमन नावात तो फरक दिसत नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट. काही पाट्यांवर सगळी अक्षरं एकाच उंचीची असतात, त्या वळणाला म्तावरूली म्हणतात. साध्या लिखाणात काही अक्षरांचे शेंडे वर जातात, काहींच्या शेपट्या खाली. इथे ते सगळं दोन रेघांत दाबलेलं असतं, म्हणून लिपीच वेगळी वाटते. उंची विसरा, वळण बघा. आणि एक कमान की दोन, हे फोटो मोठा करून मोजा. दोन कमानी म्हणजे 'ओ'.

शेवटचं. अक्षरागणिक जागा मोजायची ही युक्ती थाई पाटीवर चालत नाही. तिथे काही स्वर व्यंजनाच्या आधी लिहितात, काही वर, काही खाली, आणि शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. तिथे गावाचं नाव जुळवायचं ते अवयवांनी, म्हणजे व्यंजनं आधी आणि स्वर मागाहून. त्याचे फोटो मी आणलेत, सगळे न कापलेले. ज्यांना बघायचे असतील त्यांनी खाली टेबलाशी या.