लेखाचं पहिलं वाक्य

नमस्कार श्रोतेहो.

‘आजच्या धकाधकीच्या युगात माणूस निसर्गापासून दुरावला आहे.’ हे वाक्य पुरावरच्या लेखाला लावा, मोबाइलवरच्या लेखाला लावा, नाहीतर वृद्धाश्रमावरच्या. सगळीकडे बसतं. म्हणून तर वाचकाची नजर त्यावरून घसरून पुढे जाते. शाळेतल्या निबंधाची ही सवय पन्नाशीतही सुटत नाही बघा.

आता आपल्या सांगलीचाच विषय घेऊ. समजा, तुम्हाला वर्तमानपत्रात लिहायचंय की पूररेषेच्या आत नवी बांधकामं होऊ देऊ नयेत. मारुती चौकातल्या किंवा हरभट रोडवरच्या दुकानांतून एक चक्कर मारा आणि नुसतं बघत राहा. एखाद्या दुकानात विजेचा बोर्ड डोक्याच्याही वर बसवलेला दिसला, मोबाइल चार्जिंगला लावायला मालक स्टुलावर चढताना दिसला, तर तुमची सुरुवात मिळाली. त्यांना विचारा, ‘काका, हे एवढं वर का?’ जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

हा तपशील चांगला का? तो आधी विचित्र वाटतो, आणि कारण कळलं की तुमचं मत त्यातूनच निघतं. दुकानदारानं पुन्हा पाणी येणार हे धरून वायरिंग केलंय. मग लगेच पुढचं वाक्य लिहा: नदीकाठच्या बांधकामाला परवानगी देणाऱ्यांनी हे धरलंय का? दृश्याला चार-पाच ओळी पुरेत. दुसऱ्या परिच्छेदात मत आलं नाही, तर वाचकाला वाटतं आपण गोष्टच वाचतोय.

नदीवरचा सूर्यास्त, डोळे पुसणारी म्हातारी, हेही दृश्यच, पण त्यातून पूररेषेबद्दल काहीच ठरत नाही. पारख सोपी आहे. सुरुवातीचा परिच्छेद झाकून उरलेला लेख वाचा. काहीच अडलं नाही, तर तो परिच्छेद नुसती सजावट होता, काढून टाका.

आणि एक बोर्ड म्हणजे पुरावा नव्हे. त्याच्या मागोमाग आकडा हवा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. हे फूट पुलापाशी मोजलेले आहेत बरं का, दुकानात तेवढं पाणी होतं असं लिहू नका. सांगलीकर वाचक तिथेच लेख बाजूला ठेवेल.

चक्कर मारूनही काही सापडलं नाही, तर दृश्य मनानं रचू नका. त्यापेक्षा सरळ लिहा: ‘पूररेषेच्या आत नवं बांधकाम नको, कारण…’ आणि कारणं द्या. धकाधकीच्या युगापेक्षा ते केव्हाही बरं.