आयबुप्रोफेन: एक रेणू, दोन हात

ही वेदनाशामक आयबुप्रोफेनची साधी ४०० मिलिग्रॅमची गोळी. तिच्यात एकाच सूत्राचे दोन रेणू समप्रमाणात मिसळलेले आहेत. एका कार्बनला कार्बोक्सिल गट, बेंझीनचे वलय, मिथिल गट आणि हायड्रोजन असे चार वेगवेगळे घटक जोडलेले असल्याने त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते. या मांडण्या डाव्या-उजव्या हातांसारख्या एकमेकींच्या आरशातील प्रतिमा असतात, परंतु एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. त्यांना एस आणि आर एनान्शिओमर म्हणतात.

दोघांचा वितळणबिंदू आणि पाण्यातील विद्राव्यता सारखीच असते. फरक पडतो तो वेदना वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन हे पदार्थ बनवणाऱ्या सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या पोकळीत, कारण हे विकर ज्या अमिनो आम्लांचे बनलेले असते तीही एकाच हाताची असतात. एस-रूप आत शिरले की त्याचा ऋणभारित कार्बोक्सिल गट १२०व्या स्थानावरील आर्जिनिनला आणि ३५५व्या स्थानावरील टायरोसिनला धरतो, आणि त्याच वेळी मिथिल गट व वलय यांनाही सोयीची जागा मिळते. आर-रूपाला हे सर्व एकाच वेळी नीट साधत नाही. म्हणूनच परीक्षानळीत प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखण्यात एस-रूप शंभरपटीहून अधिक प्रभावी ठरते.

यावरून अर्धी गोळी वाया जाते, असा निष्कर्ष विद्यार्थी सहज काढतात. मात्र प्राण्यांवरील चाचण्यांत दोन्ही रूपांच्या परिणामांत फारच थोडा फरक दिसतो. कारण आहे चयापचयात. यकृतातील एक विकर आर-रूपाला कोएन्झाइम-ए या सहायक रेणूशी जोडते, दुसरे विकर चार वेगवेगळे घटक जोडलेल्या त्या किरल कार्बनवरचा हायड्रोजन काढून पुन्हा बसवते, आणि त्या खटाटोपात मांडणी उलटते. मग कोएन्झाइम सुटून एस-रूप मोकळे होते. एस-रूपाला मात्र पहिले विकर जवळजवळ स्वीकारतच नाही, त्यामुळे हा रस्ता एकेरी आहे.

आकड्यांत पाहू. गोळीत दोन्ही रूपे २००-२०० मिलिग्रॅम आहेत. समजा, आरपैकी ६० टक्के उलटले, तर १२० मिलिग्रॅमची भर पडून शरीराला एकूण ३२० मिलिग्रॅम एस-रूप मिळेल. प्रत्यक्षात हे प्रमाण व्यक्तीगणिक बदलते, आणि रूपांतराला वेळ लागत असल्याने ही भर एकदम पडत नाही. म्हणून नुसत्या एस-रूपाच्या औषधाची मात्रा ठरवताना 'निम्मी करा' हे गणित पुरेसे नाही.

हे रूपांतर ओळखायचे कसे? मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या साध्या स्तंभावर दोन्ही रूपे एकत्रच बाहेर पडतात आणि आलेखात एकच शिखर उमटते, त्यामुळे डाव्या-उजव्या मांडणीत फरक करणारा किरल स्तंभ वापरावा लागतो. शुद्ध आर-रूप दिल्यानंतर ठरावीक अंतराने घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांत त्याचे शिखर खाली येत जाते आणि शेजारी एसचे शिखर उभे राहते. शुद्ध एस दिल्यास आरचे शिखर जवळजवळ उमटतच नाही.