गाळातला पारा मोरी या शार्क माशापर्यंत कसा पोचतो

ठाण्याच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो. वरचा पातळ थर तपकिरी दिसतो, पण बोट घातलं की खाली काळा गाळ लागतो आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा, वास हायड्रोजन सल्फाइडचा. तिथे प्राणवायू संपलेला असतो आणि जिवाणू सल्फेटवर श्वास चालवतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं, त्यामुळे त्यांची उपासमार होत नाही.

पाऱ्याला मिथाइल गट जोडला की मिथाइल पारा बनतो, हे त्याचं अन्नसाखळीत साचत जाणारं विषारी रूप. ते बनवणं यातल्या सगळ्या जिवाणूंना जमत नाही. त्यासाठी एचजीसी-ए आणि एचजीसी-बी ही दोन जनुकं लागतात. ती 2013 साली सापडली. सल्फेट वापरणारे काही जिवाणू, लोह वापरणारे काही आणि काही मिथेनजनक सूक्ष्मजीव यांच्याकडे ती असतात. खाडीत काम कोण करतंय हे ओळखायला एकाच गाळाच्या दोन हवाबंद बाटल्या घेतात, दोन्हींत पाऱ्याचं क्षार घालतात आणि एकीत मॉलिब्डेटही. मॉलिब्डेट सल्फेटचा श्वास अडवतं. त्या बाटलीत मिथाइल पारा बनणं जवळजवळ थांबलं, तर कर्ते सल्फेटवाले. गाळ भरताना हवा शिरली, तर दोन्ही बाटल्या खोटं सांगतात.

गाळात एकूण पारा किती, यावरून मात्र फारसं कळत नाही. सल्फाइड खूप साचलं की ते पाऱ्याला असं बांधून ठेवतं की जिवाणूंना तो मिळत नाही. म्हणून मिथाइल पारा बहुधा वरच्या काही सेंटिमीटरांत, प्राणवायू संपतो आणि सल्फाइड अजून कमी असतं त्या सीमेवर जास्त बनतो. तिथून तो पाण्यात झिरपतो.

मिथाइल पाऱ्याच्या प्रमाणातली सगळ्यात मोठी उडी पुढे आहे आणि ती माशांत नाही, सूक्ष्म शैवालात आहे. साधा पारा बराचसा पेशीच्या आवरणालाच चिकटून राहतो. मिथाइल पारा आतल्या द्रवात जातो, आणि शैवाल खाणारा जीव पचवतो तो हाच द्रव. आवरण विष्ठेतून निघून जातं.

एक नमुना हिशोब करू. आकडे समजण्यापुरते धरलेत. पाण्यात लिटरमागे 0.05 नॅनोग्रॅम मिथाइल पारा. शैवालात एक लाख पट, म्हणजे किलोमागे 5 मायक्रोग्रॅम. ते खाणाऱ्या प्राणीप्लवकात तिप्पट, 15. लहान माशात चौपट, 60. मोठ्या शिकारी माशात पाचपट, 300. वरच्या टप्प्यांत तीन-चार-पाच पटच, पण पायाच लाखाचा.

जागतिक तज्ज्ञ समितीने माणसाच्या पोटात जाणाऱ्या मिथाइल पाऱ्याला आठवड्याला शरीराच्या वजनाच्या किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम मर्यादा ठरवली आहे. 60 किलोच्या माणसाला 96. वरच्या मोठ्या माशाचे 300 ग्रॅम खाल्ले की 90 झाले. तेवढेच लहान मासे खाल्ले तर 18. म्हणून गरोदर बाईने मोरी टाळावी आणि मांदेली, कोळंबी खावी, हे बरं.

शिजवून पारा जात नाही. तो चरबीत नसून मांसातल्या प्रथिनांना घट्ट बांधलेला असतो. वाळवल्यावर पाणी जातं आणि पारा राहतो, म्हणून सुक्या मासळीत किलोमागचा आकडा वाढतो. तिचा हिशोब ताज्या वजनावरच करा.